टेस्टोस्टेरॉनच्या सुया आणि ‘निल’ आलेला वीर्याचा रिपोर्ट

जिममध्ये शरीर कमवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनच्या सुयांची ‘सायकल’ मारणाऱ्या मुलांना ट्रेनर एक वाक्य हमखास ऐकवतात: “सुया बंद केल्या की तीन महिन्यांत सगळं पूर्ववत होतं.” हे वाक्य अगदीच हवेतून आलेलं नाही. त्याच्यामागे सत्तर-ऐंशी वर्षांचं संशोधन आहे. पण ते संशोधन कोणावर झालं, किती डोस देऊन झालं आणि ‘पूर्ववत’ म्हणजे त्यात काय धरलं होतं, हे वाक्यातून गळून पडलं आहे. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या आणि रिपोर्टवर ‘निल’, म्हणजे एकही शुक्राणू नाही, असं वाचून हादरलेल्या जोडप्याला नेमकी तीच माहिती हवी असते.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वेगळं काढलं गेलं 1935 साली, अ‍ॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेत. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते कृत्रिमरीत्या बनवलं. त्याआधीच, 1932 मध्ये, शिकागोचे कार्ल मूर आणि डोरोथी प्राइस यांनी उंदरांवरच्या कामातून एक महत्त्वाची गोष्ट मांडली होती. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना कामाला लावते आणि वृषणांचं हार्मोन रक्तात वाढलं की तीच पिट्युटरी हात आखडता घेते. म्हणजे बाहेरून पुरुषी हार्मोन दिलं तर वृषणं अधिक जोमाने चालायच्या ऐवजी आकसतात. हे समजलेलं असूनही टेस्टोस्टेरॉन बाजारात आल्यावर डॉक्टरांनी ते शुक्राणू कमी असलेल्या पुरुषांना देऊन पाहिलं. पुरुषी हार्मोन आहे, तर पुरुषाच्या प्रजननाला त्याने मदतच होणार, असा सरळ हिशेब होता. हा हिशेब आजही मेलेला नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी युरॉलॉजिस्टांच्या एका सर्वेक्षणात सुमारे 25 टक्क्यांनी आपण वंध्यत्वासाठी टेस्टोस्टेरॉन देऊ असं सांगितलं होतं. ज्यांच्याकडे रुग्ण मुलासाठी येतो त्यांनीच त्याला शून्यावर नेऊन ठेवावं, याचा मला आजही संताप येतो.

या सगळ्याचा पहिला नीट अभ्यास अमेरिकेतल्या कार्ल हेलर यांनी केला. 1950 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुरुषांना टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेटची इंजेक्शनं सतत देत राहून काय होतं ते पाहिलं. शुक्राणू शून्यावर आले. वृषणाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा शुक्राणू बनवणाऱ्या नलिका आकसलेल्या दिसल्या. इंजेक्शनं थांबवल्यावर काही महिन्यांनी नलिका पुन्हा भरू लागल्या आणि काही जणांची संख्या आधीपेक्षाही वर गेली. याला ‘रिबाउंड’ म्हणू लागले आणि पुढची दोन-तीन दशकं वंध्यत्वावरचा एक उपचार म्हणून तो वापरला गेला: आधी मुद्दाम शून्यावर आणायचं, मग उसळी यायची वाट पाहायची. उसळी थोड्यांनाच आली आणि ती फार टिकली नाही. काहींचे होते ते शुक्राणूही परत आले नाहीत, म्हणून हा उपचार मागे पडला.

हेलर यांचं नाव आणखी एका आकड्याशी जोडलेलं आहे. 1963 मध्ये त्यांनी आणि इव्ह क्लेरमॉन्ट यांनी माणसात शुक्राणू तयार व्हायला लागणारा काळ मोजला आणि पुढे तो सुमारे 74 दिवस असा रूढ झाला. वृषणातून बाहेर पडल्यावर नळीतून वीर्यापर्यंत पोहोचायला आणखी एक-दोन आठवडे जातात. आज कोणताही उपचार सुरू केला की तीन महिन्यांनी वीर्य तपासायला सांगतात, ते याच हिशेबाने. त्याच वर्षी हेलर यांनी ओरेगॉनच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या वृषणांवर क्ष-किरण सोडण्याचे सरकारी पैशावरचे प्रयोग सुरू केले. आज त्यांचा उल्लेख वैद्यकीय नीतीच्या काळ्या प्रकरणांमध्ये होतो. वृषणाबद्दलचं आपलं ज्ञान कोणाच्या शरीरावरून आलं, हे विसरू नये असं मला वाटतं.

आता मूळ कोडं. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असताना शुक्राणू का थांबतात? उत्तर जागेत आहे. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पट, ढोबळमानाने शंभर पट असतं आणि शुक्राणूंना ते आतलं प्रमाण लागतं. आतलं टेस्टोस्टेरॉन बनवतात लायडिग पेशी, पिट्युटरीच्या एलएच या हार्मोनच्या हुकमावर. बाहेरून सुई घेतली की पिट्युटरी समजते की साठा पुरेसा आहे, आणि एलएच सोडणं बंद करते. सोबत एफएसएच हे दुसरं हार्मोनही पडतं, जे नलिकांमधल्या पोषक पेशींना चालवतं. स्नायूंना रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मिळत राहतं, दंड भरतात, दाढी-आवाज सगळं जागेवर असतं. पण वृषणाच्या आत मात्र दुष्काळ. 2005 साली कोव्हिएलो आणि सहकाऱ्यांनी सुदृढ पुरुषांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनांथेट देऊन वृषणातला द्रव तपासला. तिथलं टेस्टोस्टेरॉन तीनच आठवड्यांत 94 टक्क्यांनी घसरलं होतं.

हा 200 मिलिग्रॅमचा डोस आला कुठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांमधून. ट्रेनरच्या त्या वाक्याचं मूळही इथेच आहे. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 7 देशांतल्या 10 केंद्रांवर 271 निरोगी पुरुषांना दर आठवड्याला हे इंजेक्शन दिलं. त्यातले 157 सहा महिन्यांत शून्यावर पोहोचले. ते पूर्ण शून्यावर असताना वर्षभर दुसरं काही साधन न वापरता जोडप्यांना राहू दिलं, तर एकच गर्भधारणा झाली. दर आठवड्याची सुई लोकांना नकोशी होती, म्हणून ते औषध म्हणून आलं नाही. पण त्यातून आणि नंतरच्या अशाच चाचण्यांतून सुया थांबवल्यावरची भरपूर माहिती जमली. 2006 मध्ये पीटर लिऊ आणि सहकाऱ्यांनी 30 अभ्यासांतल्या 1,549 पुरुषांची माहिती एकत्र केली. मिलिलिटरला 2 कोटी शुक्राणूंपर्यंत परतायला निम्म्या लोकांना साधारण साडेतीन महिने लागले. सहा महिन्यांत 67 टक्के, वर्षात 90 टक्के आणि दोन वर्षांत सगळे, असा अंदाज निघाला.

हे आकडे धीर देणारे आहेत आणि खरेही आहेत. पण ते कोणाचे आहेत ते पाहा. या पुरुषांचं वीर्य सुरुवातीला तपासून चांगलं असेल तरच त्यांना घेतलं होतं. औषध एकच, डोस ठरलेला, मुदत ठरलेली. जिममधला मुलगा आठवड्याला 500 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, त्यावर डेका म्हणजे नँड्रोलोन हे दुसरं स्टेरॉइड, मध्ये डायनाबोल या स्टेरॉइडच्या गोळ्या असं घेतो, तेही वर्षानुवर्षं, आणि बाटलीत खरोखर काय आहे ते त्याला माहीत नसतं. सुरुवातीचा वीर्याचा रिपोर्ट तर कोणाकडेच नसतो. त्याची संख्या मुळातच कमी असेल, तर तो ‘पूर्ववत’ होऊनही अडचणीतच राहील. शिवाय त्या अभ्यासात 2 कोटी ही रेघ होती, माणसाची आधीची संख्या नव्हे. नंतरच्या अभ्यासांत वय जास्त आणि सुया घेतल्याचा काळ लांब असेल, तर परतीची शक्यता कमी दिसली आहे.

एक नमुन्यादाखल रचलेलं प्रकरण घेऊ. वय 31, लग्नाला दोन वर्षं, दीड वर्ष टेस्टोस्टेरॉन आणि डेका. शेवटची सुई दोन महिन्यांपूर्वी. वीर्य दोनदा तपासलं, दोन्ही वेळा निल. एलएच 0.1 च्या खाली, एफएसएच 0.2, टेस्टोस्टेरॉन 90, जे 300 च्या वर असायला हवं. वृषणं मऊ, 10 मिलिलिटरच्या आसपास. पिळदार शरीर आणि इतकं कमी टेस्टोस्टेरॉन हे विचित्र वाटतं. पण नँड्रोलोन या तपासणीत टेस्टोस्टेरॉन म्हणून मोजलं जात नाही आणि शरीरात महिनोन् महिने रेंगाळून पिट्युटरीला दाबून ठेवतं. इथे सगळ्यात बोलका आकडा एफएसएचचा. वृषणच निकामी झालं असतं, तर पिट्युटरीने ओरडून ओरडून एफएसएच चढवलं असतं. दोन्ही हार्मोन तळाला आहेत म्हणजे कारखाना शाबूत आहे, हुकूम येत नाही. त्यामुळे वृषण उघडून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया इथे लगेच करायची नसते. डॉक्टरला सुयांबद्दल सांगितलं नाही, तर मात्र तपासण्यांची गाडी पिट्युटरीच्या एमआरआयपर्यंत जाते.

उपचारात पहिली पायरी सगळं बंद करणं. त्यानंतरचा काळ फार वाईट जातो: बाहेरचं संपलेलं, आतलं सुरू झालेलं नाही. इच्छा नाही, झोप नाही, मन खचलेलं. याच टप्प्यावर बरेच जण परत सुईकडे वळतात, म्हणून इथे औषधाचा आधार देतात. एचसीजी हे गरोदरपणातलं हार्मोन एलएचसारखंच काम करतं आणि झोपलेल्या लायडिग पेशींना थेट उठवतं. त्वचेखाली आठवड्यातून तीनदा 1,500 ते 3,000 युनिट हा नेहमीचा पल्ला. काही आठवड्यांत रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वर येतं आणि माणूस सावरतो. पण एचसीजीने वाढलेलं टेस्टोस्टेरॉनही पिट्युटरीला दाबतंच, त्यामुळे एफएसएच तळालाच राहू शकतं. म्हणून जोडीला क्लोमिफेन देतात. पिट्युटरीला मिळणारा ‘पुरे’ हा निरोप बराचसा इस्ट्रोजेनमार्फत जातो आणि क्लोमिफेन तो अडवतं. तेवढ्याने भागलं नाही तर एफएसएचची इंजेक्शनं, आणि ती महाग पडतात. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 49 पुरुषांच्या अहवालात एक दिवसाआड 3,000 युनिट एचसीजी आणि जोडीला अशी औषधं दिल्यावर 47 जणांचे शुक्राणू परतले किंवा सुधारले, सरासरी साडेचार महिन्यांत. मात्र त्यात औषध न घेता नुसतं थांबलेला गट नव्हता, त्यामुळे औषधाचं श्रेय किती आणि काळाचं किती, हे त्या अहवालावरून ठरवता येत नाही.

आपल्या 31 वर्षांच्या माणसात महिन्याभरात टेस्टोस्टेरॉन 400 च्या वर येईल आणि तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट तरीही निलच असेल. तो पाहून घाबरायचं नसतं, कारण वृषणाला हुकूम मिळाल्यापासूनचे 74 दिवस नुकतेच भरत आलेले असतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात नमुना यंत्रात फिरवून खाली बसलेल्या गाळात चार-दोन शुक्राणू दिसू लागतात. तिथून पुढे दर दोन-तीन महिन्यांनी तपासत राहायचं. पत्नीचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर कोटीची वाट पाहण्यापेक्षा थोडे शुक्राणू गोठवून ठेवून आयसीएसआयचा विचार आधीच सुरू करतात, कारण एकेक शुक्राणू थेट बीजात सोडायचा असेल तर अगदी थोडे पुरतात. वर्ष-दीड वर्ष उलटूनही एलएच आणि एफएसएच आपल्या बळावर उठले नाहीत, किंवा एफएसएच चढलं आणि शुक्राणू मात्र आले नाहीत, तर सुयांखाली आधीपासूनच काही दोष दडलेला होता का हे पाहण्यासाठी कॅरिओटाइप म्हणजे सगळ्या गुणसूत्रांची मांडणी आणि वाय गुणसूत्र यांची तपासणी करतात.