अ‍ॅम्लोडिपिनने येणारी घोट्याची सूज: पार्श्वभूमी

पाय सुजले की आपल्या तोंडी पहिलं वाक्य येतं ते 'पायात पाणी साठलंय'. वाक्य चुकीचं नाही, पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे. पाणी साठलंय म्हणजे ते अंगात जास्त झालंय, म्हणून ते काढून टाकायला हवं. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने येणाऱ्या सुजेबाबतचा बराचसा गोंधळ या गृहीतातून आलेला आहे, आणि तो फक्त रुग्णांचा नाही.

जुन्या वैद्यकातही सगळ्या सुजांना एकच नाव होतं. हृदयामुळे आलेली आणि मूत्रपिंडामुळे आलेली सूज वेगळी आहे हे स्पष्ट झालं 1827मध्ये. लंडनमधल्या एका डॉक्टराने सुजलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन दिव्यावर तापवली. काहींच्या लघवीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा साका धरला, आणि शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडं खराब निघाली. पुढे 1896मध्ये केशवाहिन्यांतून पाणी बाहेर का पडतं आणि आत कशाने धरलं जातं, याचा हिशोब मांडला गेला. आतला दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं ते आत ओढून धरतात. या दोन ओळींवर पुढचं सगळं उभं आहे.

हृदय थकलं की मागे शिरांमध्ये दाब वाढतो. मूत्रपिंडाला आपण कमी पडतोय असं वाटतं आणि ते मीठ-पाणी धरून ठेवू लागतं. मूत्रपिंडाचा आजार दोन वाटांनी सूज आणतो. प्रथिनं लघवीवाटे वाहून गेली तर रक्ताची पाणी ओढून धरण्याची ताकद कमी होते, आणि लघवीच कमी झाली तर मीठ-पाणी अंगात साठतं. या सगळ्यांत शरीरातलं एकूण पाणी खरोखरच वाढलेलं असतं. वजनकाटा ते दाखवतो.

अ‍ॅम्लोडिपिन ज्या गटातलं औषध आहे त्यातलं पहिलं नावाजलेलं औषध निफेडिपिन, 1970च्या दशकात आलेलं. त्याच्या कॅप्सूलने रक्तदाब झटकन उतरायचा, चेहरा लाल व्हायचा, डोकं दुखायचं, आणि घोटेही सुजायचे. अ‍ॅम्लोडिपिन त्यापेक्षा संथ. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला 30 ते 50 तास लागतात, म्हणून दिवसातून एक गोळी पुरते आणि रक्तदाब दिवसभर सारखा राहतो. अमेरिकेत 1992मध्ये त्याला मंजुरी मिळाली. संथपणामुळे चेहऱ्याची लाली आणि डोकेदुखी कमी झाली. घोट्याची सूज मात्र राहिलीच, कारण तिचा संबंध औषध किती झटकन चढतं याच्याशी नाही, ते कोणत्या रक्तवाहिन्या उघडतं याच्याशी आहे.

हे औषध केशवाहिन्यांकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या सैल करतं, पण पलीकडच्या शिरा जवळपास तशाच राहतात. तोटी मोठी उघडली आणि मोरीचं तोंड तेवढंच राहिलं, तर पाणी तुंबतं, तसं केशवाहिन्यांत होतं. आतला दाब वाढतो आणि पाणी झिरपून ऊतींत उतरतं. त्यात उभं राहिल्यावर पायातल्या या बारीक धमन्या आपोआप आवळतात, म्हणजे वरच्या रक्ताचा सगळा भार खालच्या केशवाहिन्यांवर येत नाही. हे संरक्षणही औषध बोथट करतं. म्हणूनच सूज घोट्याशी येते, दिवसभराच्या उभं राहण्या-बसण्यानंतर संध्याकाळी वाढते, आणि रात्री पाय आडवे राहिले की सकाळी उतरलेली दिसते. अंगातलं एकूण पाणी मात्र वाढलेलं नसतं. उलट या गटाची औषधं सुरुवातीला मूत्रपिंडातून थोडं मीठ बाहेरच टाकतात. पाणी तेवढंच आहे, फक्त जागा बदललेली आहे.

डोसाशी नातं सरळ आहे. मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांत 5 मिलिग्रॅमवर 3 टक्के आणि 10 मिलिग्रॅमवर 10.8 टक्के लोकांना सूज आली. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 0.6 टक्के होतं. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त निघालं. हे आकडे आजही माहितीपत्रकात छापलेले असतात आणि वाचणाऱ्याला सूज दुर्मीळ वाटते. पण त्या चाचण्या थोड्या काळाच्या होत्या. 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच वर्षांहून जास्त चाललेल्या एका युरोपीय चाचणीत अ‍ॅम्लोडिपिनवर आधारलेल्या उपचारात 23 टक्के लोकांनी सूज सांगितली, तर तुलनेच्या गटात 6 टक्क्यांनी. माझ्या मते हा 23 टक्क्यांचा आकडा दवाखान्यातल्या अनुभवाच्या जास्त जवळ आहे.

आता 2002चा वाद. तो नीट समजला नाही तर अ‍ॅम्लोडिपिन हृदयाला वाईट हे वाक्य अजून का फिरतं ते कळत नाही. ऑलहॅट या मोठ्या अमेरिकी चाचणीत 33 हजारांहून जास्त उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध, अ‍ॅम्लोडिपिन किंवा लिसिनोप्रिल, यांपैकी एक दिलं गेलं. हृदयविकाराच्या झटक्यांत फरक नव्हता. पण सहा वर्षांत हृदय निकामी झाल्याचं निदान अ‍ॅम्लोडिपिनच्या गटात 10.2 टक्क्यांना आणि क्लोरथॅलिडोनच्या गटात 7.7 टक्क्यांना झालं.

आक्षेप लगेच उठले. पहिला असा, की अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात आणि क्लोरथॅलिडोन सूज झाकतं. मग सुजलेले पाय बघून डॉक्टरांनी हृदय कमजोर म्हणून नोंद केली नसेल कशावरून? दुसरा आक्षेप जास्त बारीक होता. चाचणीत येण्याआधी बहुतेक रुग्ण रक्तदाबाची औषधं घेत होते, त्यांत लघवी वाढवणारी औषधंही होती. ती बंद केल्यावर काहींचं आधीच झाकलेलं हृदयाचं दुखणं उघड झालं असेल, आणि त्याचा बोल अ‍ॅम्लोडिपिनला लागला असेल.

पहिल्या आक्षेपाला उत्तर नोंदींतून मिळालं. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रं पुन्हा तपासून ठरलेल्या निकषांवर पारखली गेली, आणि दोन गटांतला फरक साधारण तसाच राहिला. तपासणीत वापरलेल्या फ्रॅमिंगहॅम निकषांत दोन्ही घोट्यांची सूज ही फक्त गौण खूण आहे. रात्री दम लागून जाग येणं, मानेची शीर फुगणं, फुप्फुसात पाणी अशा प्रमुख खुणांपैकी निदान एक असल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. म्हणजे नुसत्या सुजेवर कोणी या यादीत शिरत नाही. दुसऱ्या आक्षेपात मला तथ्य वाटतं, पण त्याने निष्कर्ष उलटत नाही. हृदय निकामी होण्यापासून वाचवण्यात लघवी वाढवणारं औषध अ‍ॅम्लोडिपिनपेक्षा सरस आहे, इतकंच त्यातून निघतं. ज्याचा घोटा सुजला त्याचं हृदय बिघडलं, हे मात्र कुठेही सिद्ध झालेलं नाही. वादाच्या धुरळ्यात ही दोन विधानं एक झाली, आणि अजूनही होतात.

या गोंधळाची किंमत काय, हे एका कल्पित पण अगदी नेहमीच्या उदाहरणातून दिसेल. 62 वर्षांच्या बाई आहेत. 5 मिलिग्रॅमवर रक्तदाब आटोक्यात येईना म्हणून डोस 10 केला. तीन आठवड्यांनी संध्याकाळी चपलेचे पट्टे रुतायला लागले, घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहू लागला. वजन 61 किलो होतं, ते 61.4 झालं. जिना चढताना दम लागत नाही, एका उशीवर झोप लागते, सकाळी डोळ्यांभोवती फुगत नाही. लघवीला फेस नाही. तरीही 'पाणी' म्हणून फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध सुरू झालं. लघवी वाढली, सूज किंचित कमी झाल्यासारखी वाटली आणि परत आली, कारण केशवाहिन्यांतला दाब होता तसाच होता. पाणी गेलं ते सगळ्या अंगातून. दोन आठवड्यांत उठताना चक्कर यायला लागली, सोडियम उतरलं, युरिक अ‍ॅसिड चढलं. आता चक्करेवर तिसरी गोळी यायची वेळ आली. एका औषधाच्या त्रासाला नवा आजार समजून दुसरं औषध देणं, या साखळीचं वर्णन 1990च्या दशकातच झालं होतं. 2020मध्ये कॅनडातल्या वयस्क रुग्णांच्या नोंदींत नेमकं हेच दिसलं. अ‍ॅम्लोडिपिनच्या गटाचं औषध नव्याने सुरू झालेल्यांना लघवी वाढवणारी गोळी मिळण्याचं प्रमाण इतर औषधं घेणाऱ्यांपेक्षा जास्त होतं.

या बाईंची लघवी तपासली, तिच्यात प्रथिनं नव्हती. क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन ठीक, मानेची शीर फुगलेली नाही, हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी ही रक्तचाचणीही सामान्य. मग डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड बंद केलं, अ‍ॅम्लोडिपिन परत 5 केलं आणि सोबत टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचंच दुसरं औषध दिलं. या दुसऱ्या जातीची औषधं केशवाहिन्यांच्या पलीकडची बाजूही सैल करतात, म्हणजे मोरीचं तोंडही थोडं मोठं होतं. अशा जोडगोळ्या 1990च्या दशकाच्या मध्यापासून बाजारात होत्या, पण सुजेवरचा त्यांचा उपयोग अनेक चाचण्या एकत्र तपासून 2011मध्ये ठळकपणे पुढे आला. सिल्निडिपिनसारखी नंतरची औषधं शिरांची बाजूही उघडतात, म्हणून त्यांनी सूज कमी येते. बाईंची सूज उतरायला मात्र दीड आठवडा लागला, कारण अ‍ॅम्लोडिपिन सावकाश बाहेर पडतं. दोन दिवसांत फरक पडला नाही म्हणून 'औषधाचं कारण नव्हतंच' असं ठरवणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे.

खळग्यावरून मात्र काही ठरत नाही. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि गोळीच्या, तिन्ही सुजांत बोट रुततं. फरक भोवतालच्या खुणांत असतो. आठवड्यात दोन-तीन किलो वजन वाढलं, आडवं झाल्यावर दम लागला, तर हृदयाकडे बघायचं. सकाळी चेहरा आणि पापण्या फुगल्या, लघवीला फेस आला, तर मूत्रपिंडाकडे. एकच पाय सुजला आणि पोटरी दुखली, तर तिन्ही कारणं बाजूला ठेवून शिरेत गुठळी आहे का ते त्याच दिवशी तपासायचं. आणि त्याच डोसावर पाच वर्षं काहीही न होता अचानक घोटे सुजू लागले, तर दोष जुन्या गोळीवर ढकलून थांबायचं नाही. लघवीतली प्रथिनं आणि हृदय आधी तपासून घ्यायचं.