रेंजचा आकडा तपासणारा एक साधा भागाकार

इलेक्ट्रिक स्कूटरच्या माहितीपत्रकात रेंजचा आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असतो. बॅटरीची क्षमता मात्र तांत्रिक तपशिलाच्या तक्त्यात कुठेतरी खाली असते. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून भागाकार केला की त्या स्कूटरची खरी चाल बरीचशी कळते.

समजा एका स्कूटरची बॅटरी 3 किलोवॉट-तासांची आहे, म्हणजे 3000 वॉट-तास. क्षमता अशी थेट दिलेली नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा, तोच आकडा मिळतो. रेंज लिहिली आहे 180 किलोमीटर. 3000 भागिले 180 केले की उत्तर येते 16.7. याचा अर्थ, कंपनीच्या म्हणण्यानुसार ही स्कूटर एक किलोमीटर जायला जेमतेम 17 वॉट-तास ऊर्जा खाते. हे शहरात शक्य आहे का, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रातून काढता येते.

स्कूटर आणि चालक मिळून 190 किलो वजन धरू. टायर रस्त्यावर घासत, दबत फिरतात, त्यात किलोमीटरमागे सुमारे 8 वॉट-तास जातात. हा खर्च वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 25 किलोमीटरला हवेला बाजूला सारण्यात किलोमीटरमागे 5 वॉट-तास लागतात, 40 ला 12 आणि 60 ला तब्बल 28. चालक ताठ बसलेला असतो, त्याची छाती आणि गुडघे हवा अडवतात. त्यामुळे स्कूटरच्या बाबतीत हा खर्च दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

तिसरा खर्च सिग्नलचा. ताशी 40 च्या वेगाला पोहोचलेल्या या स्कूटरमध्ये सव्वातीन वॉट-तास गतिज ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की तिचा बहुतांश भाग उष्णता होऊन जातो. किलोमीटरमध्ये दोनदा थांबावे लागले तर साडेसहा वॉट-तास फक्त पुन्हा वेग घेण्यात संपतात. ब्रेक लावताना मोटर उलटी जनित्रासारखी चालवून यातला थोडा भाग परत मिळवता येतो, पण तो थोडाच.

आता बेरीज करू. टायर 8, हवा 12, थांबे साडेसहा, म्हणजे चाकाशी साधारण 27. मोटर आणि कंट्रोलर यांच्यात 15 टक्के ऊर्जा वाया जाते असे धरले, तर बॅटरीतून 31 च्या आसपास निघतात. ब्रेकमधून परत आलेली ऊर्जा वजा केली की 30. म्हणून शहरात ताशी 40 च्या आसपास चालणाऱ्या स्कूटरसाठी किलोमीटरमागे 30 वॉट-तास हा धरून चालण्यासारखा आकडा आहे. 3000 पैकी बॅटरी प्रत्यक्षात वापरू देते ती ऊर्जा 2700 धरली, तर खरी रेंज होते 90 किलोमीटर.

मग 180 कुठून आले? एकही थांबा न घेता ताशी 25 च्या एकसारख्या वेगाने गेले की खर्च 15 वॉट-तासांवर येतो, आणि त्याच 2700 वॉट-तासांत 180 किलोमीटर खरोखर जाता येते. आकडा खोटा नाही, पण तो ज्या प्रवासाचा आहे तो प्रवास शहरात कुणी करत नाही. चाचणी वेग घेणे, कमी करणे आणि थांबणे यांच्या ठरावीक वेगचक्रावर झाली असेल तर आकडा वास्तवाच्या बराच जवळ येतो. दुचाकींसाठीचे डब्ल्यूएमटीसी हे जागतिक चक्र त्यातलेच एक. तरीही चाचणीत चढ, समोरचा वारा, मागे बसलेला माणूस आणि कमी हवेचे टायर नसतात. भागाकाराचे उत्तर 20 च्या खाली आले, तर रेंज एकसारख्या मंद वेगाची आहे असे समजावे. 25 ते 35 च्या दरम्यान आले, तर कंपनीने बऱ्यापैकी प्रामाणिकपणा दाखवला आहे.

आणखी एक वजाबाकी मनात ठेवावी लागते. बॅटरी जुनी होते. तिची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांवर आली की 90 चे 72 किलोमीटर होतात. शेवटचे 15 टक्के कुणीही निश्चिंतपणे वापरत नाही, कारण त्या टप्प्यात अनेक स्कूटर आपणहून वेग कमी करतात. मग हाती राहतात 60. रोजच्या ये-जा अंतराची तुलना या 60 शी करायची, 180 शी नाही.

बॅटरीच्या प्रकाराचा संबंध येतो तो इथे. शिसे-आम्ल बॅटरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. 3 किलोवॉट-तासांसाठी तिचे वजन 80-90 किलो भरते, म्हणून ती फक्त लहान आणि मंद स्कूटरमध्ये दिसते. तिच्यावर लिहिलेली क्षमता अनेकदा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याच्या हिशोबाची असते. तासाभरात रिकामी केली तर त्यातली निम्मी ते साठ टक्केच मिळते. हा नियम विल्हेल्म प्यूकर्ट यांनी 1897 मध्ये मांडला होता.

खरी निवड लिथियमच्या दोन प्रकारांत आहे. एकात निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असतात, त्याला एनएमसी म्हणतात. दुसऱ्यात लोह आणि फॉस्फेट, तो एलएफपी. हे दुसरे रसायन बॅटरीसाठी उपयोगी असल्याचे जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातल्या गटाने 1997 मध्ये दाखवले. एनएमसी तेवढीच ऊर्जा कमी वजनात साठवते. 3 किलोवॉट-तासांचा पॅक 20 किलोच्या आसपास बसतो, एलएफपीचा 25 ते 30 किलो होतो. बॅटरी काढून जिना चढायचा असेल तर हा फरक रोज हाताला जाणवतो. उलट, एलएफपीमधला फॉस्फेटचा बंध ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे सेल बिघडून तापला तरी आग भडकण्याची शक्यता एनएमसीपेक्षा कमी असते. शून्य मात्र नसते.

जाहिरातीत एलएफपीची मोठी बाजू म्हणून चार्जिंगच्या फेऱ्या सांगतात: एनएमसीच्या हजार, आमच्या दोन-तीन हजार. माझ्या मते शहरातल्या माणसासाठी या आकड्याला फारसा अर्थ नाही. 90 किलोमीटर खरी रेंज असलेली स्कूटर रोज 30 किलोमीटर चालली तर दिवसाला एक तृतीयांश फेरी होते, वर्षाला सव्वाशेच्या आत. हजार फेऱ्या संपायला आठ-नऊ वर्षे लागतील. त्याआधी बॅटरीला म्हातारी करतात ते वय आणि उष्णता. ती न वापरता ठेवली तरी झिजते. गरम जागी आणि शंभर टक्के भरलेली ठेवली तर जास्त वेगाने झिजते, आणि हा त्रास एनएमसीला अधिक होतो. म्हणून एनएमसी रोज 80-90 टक्क्यांपर्यंतच भरावी आणि उन्हातून आल्याबरोबर लगेच चार्जिंगला लावू नये, पॅक निवू द्यावा. एलएफपी पूर्ण भरली तरी तितके बिघडत नाही.

एलएफपीचा एक स्वभाव मात्र आधी माहीत असायला हवा. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो. सेल 70 टक्के भरलेला असो की 40, मोजमापात फरक नगण्य. त्यामुळे पॅकवर देखरेख ठेवणाऱ्या बीएमएसला शिल्लक ऊर्जा आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजून अंदाजाने ठरवावी लागते, आणि चूक साचत जाते. मग पडद्यावर 22 टक्के दिसत असताना स्कूटर अचानक 6 वर येते. आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरून थोडा वेळ चार्जरवरच ठेवली, की अंदाज पुन्हा जुळतो. एवढी सवय जमत असेल तर बहुतेकांना मी एलएफपीच सुचवेन.

पण रसायनापेक्षाही सर्व्हिस सेंटर किती जवळ आहे आणि तिथे काय करता येते, याला मी जास्त महत्त्व देतो. कारण पॅक निकामी होतो तेव्हा त्यातले सगळे सेल क्वचितच संपलेले असतात. एलएफपीच्या नाममात्र 51.2 व्होल्टच्या पॅकमध्ये सेलचे 16 गट एकापाठोपाठ जोडलेले असतात. त्यातला एक गट थोडा अशक्त झाला, तर तो इतरांआधी रिकामा होतो. त्याचा व्होल्टेज किमान मर्यादेखाली जाताच बीएमएस अख्खा पॅक बंद करतो. उरलेल्या 15 गटांत ऊर्जा शिल्लक असते, पण ती मिळत नाही. लक्षण ओळखता येते: सपाट रस्त्यावर सगळे ठीक असते, चढावर किंवा जोरात वेग घेताना स्कूटर बंद पडते आणि थोडे थांबले की पुन्हा सुरू होते.

निदान दहा मिनिटांचे आहे. कंपनीचे उपकरण जोडून प्रत्येक गटाचा व्होल्टेज आधी विश्रांतीत आणि मग भार देऊन वाचायचा. भार आल्यावर एक गट इतरांपेक्षा खूप खाली कोसळला, तर दोष तिथे आहे. दुरुस्ती मात्र जागेवर अवलंबून आहे. काही केंद्रांत पॅक उघडून तो गट किंवा बीएमएस बदलतात. काही ठिकाणी अख्खा पॅक कारखान्यात पाठवतात आणि स्कूटर कित्येक आठवडे उभी राहते. पॅकमध्ये गोंदासारखे रसायन ओतून तो बंद केलेला असेल, तर तो उघडण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून खरेदीआधी विचारावे: पॅक इथे उघडता की पाठवता? पाठवला तर तोवर दुसरी बॅटरी देता का? वॉरंटीत क्षमता किती टक्क्यांखाली गेली की पॅक बदलून मिळतो, आणि ती क्षमता कोण, कशी मोजतो? शेवटच्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळाले नाही, तर वॉरंटीची वर्षे कितीही असोत, दावा अडकण्याचीच शक्यता जास्त.

हा हिशोब तुम्हाला स्वतःलाही मांडता येतो. बॅटरी पूर्ण भरा, ट्रिप मीटर शून्य करा, नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी चालवा आणि 30 टक्क्यांवर आल्यावर वीज मोजणारा प्लग लावून पुन्हा पूर्ण चार्ज करा. समजा 55 किलोमीटर झाले आणि प्लगने 1.9 युनिट, म्हणजे 1900 वॉट-तास दाखवले. चार्जरमध्ये आणि बॅटरी भरताना साधारण 12 टक्के वाया जातात, ते वजा केले की उरतात सुमारे 1670 वॉट-तास. भागिले 55, म्हणजे किलोमीटरमागे 30. हीच चाचणी दर सहा महिन्यांनी त्याच ऋतूत, तितकीच हवा भरून, 100 ते 30 टक्क्यांदरम्यान करा आणि वहीत लिहून ठेवा. किलोमीटरमागचा खर्च तोच राहून प्लगवरची युनिटे 1.9 वरून 1.5 वर आली, तर बॅटरीची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांच्या खाली गेली आहे. ही नोंद घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये गेलात, तर गटवार व्होल्टेजची तपासणी लेखी मागायला तुमच्याकडे ठोस कारण असेल.