मंदिर-संस्था, सुमेरमधील : लगशचे बाऊ मंदिर

इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात दक्षिण मेसोपोटेमियात, म्हणजे सुमेरमध्ये, जी नगरराज्ये होती त्यांतली मंदिरे जमीन कसत, शेकडो माणसांना कामाला ठेवत आणि धान्याची कोठारे सांभाळत. सुमेरी भाषेत मंदिराला निराळा शब्द नाही. ‘ए’ म्हणजे घर; देवाचे घर, राजाचे घर आणि कुंभाराचे घर, तिन्हींना तोच शब्द. देवाचे घर म्हणजे मोठ्या जमीनदाराचा वाडाच समजावा. त्याची शेते, बैल, गाढवे, मेंढ्या, विणकामाच्या खोल्या, बिअर गाळण्याची जागा आणि या सगळ्याचा हिशेब ठेवणारे लेखनिक तिथे असत. या घराचा धनी देव असे. मात्र देवाच्या नावाने कारभार कोण करतो, या प्रश्नावर तिथले राजकारण फिरत असे. तो प्रश्न सर्वांत स्वच्छ दिसतो तो लगश राज्यातील गिर्सू या शहरात.

गिर्सू म्हणजे आजचे दक्षिण इराकमधील तेल्लो. फ्रेंच अधिकारी एर्नेस्ट द सार्झेक यांनी १८७७ मध्ये तिथे उत्खनन सुरू केले. आपल्या विषयाला सर्वांत उपयोगी पडणारा ऐवज मात्र पुढे बराचसा चोरट्या खणाईतून वर आला आणि बाजारात विकला गेला. त्यामुळे एकाच दप्तरातल्या मातीच्या पाट्या आज पॅरिस, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग अशा ठिकाणी विखुरलेल्या आहेत. अशा १७०० हून अधिक पाट्या ज्ञात आहेत. त्या सगळ्या इ. स. पू. २३५० च्या आसपासच्या, जेमतेम वीसेक वर्षांतल्या आहेत. त्या काळात लगशवर एनेनतार्झी, त्याचा मुलगा लुगालांदा आणि मग उरुकागिना (हेच नाव उरुइनिमगिना असेही वाचतात) असे तिघे एकामागोमाग सत्तेवर आले.

घर कोणाचे?

लगशचा मुख्य देव निंगिर्सू, त्याची पत्नी बाऊ. वरील दप्तर ज्या घराचे, त्याला पहिल्या दोन राज्यकर्त्यांच्या काळात ‘ए-मी’, म्हणजे बाईसाहेबांचे घर, म्हणत. ही बाईसाहेब म्हणजे राज्यकर्त्याची पत्नी. एनेनतार्झीच्या वेळी दिमतूर, लुगालांदाच्या वेळी बारानमतारा. उरुकागिना आल्यावर त्याच घराचे नाव ‘बाऊचे घर’ झाले आणि कारभार त्याच्या पत्नीकडे, शाशाकडे, गेला.

हा बदल पाटीच्या शेवटच्या ओळींत पाहावा. प्रत्येक पाटीच्या अखेरीस लेखनिक माल कोणाचा, कोणी वाटला, कितवा हप्ता आणि राज्यकर्त्याचे कितवे वर्ष, एवढे लिहून ठेवी. आधीच्या पाट्यांवर माल ‘लगशच्या एनसी लुगालांदाची पत्नी बारानमतारा’ हिचा असतो; एनसी हे राज्यकर्त्याचे बिरुद. नंतरच्या पाट्यांवर तो बाऊ देवीचा असतो आणि लगेच पुढे ‘लगशचा राजा उरुकागिना याची पत्नी शाशा’ असे येते. वाटप करणारा मुख्य कारभारी (सुमेरी हुद्दा ‘नुबांडा’) मात्र दोन्ही राजवटींत एकच, एनिग्गल नावाचा. देवीचे नाव वर चढले, पण गडी, कारभारी आणि कोठार जागच्या जागी राहिले.

जमीन आणि माणसे

या घराच्या जमिनीचा अंदाज सुमारे ४५०० हेक्टर, म्हणजे ४५ चौरस किलोमीटर, असा केला जातो. तिचे तीन वाटे होते. पहिला वाटा घराच्या खासगी लागवडीचा. तिथे घरचेच बैल, घरचेच बियाणे आणि पीक सरळ कोठारात. दुसरा वाटा पोटासाठी दिलेल्या तुकड्यांचा. तो चाकरीच्या बदल्यात मिळे, चाकरी गेली की तुकडाही जाई. तिसरा वाटा खंडाने लावलेला. देवस्थान इनामाची सवय असलेल्या वाचकाने एक फरक लक्षात ठेवावा. इनामात राजा आपली जमीन देवाला तोडून देतो. इथे मुळात सगळी जमीन देवाची आणि राजा तिचा कारभारी, अशी उलट मांडणी होती.

पोटाचा तुकडा मिळालेल्यांत नांगरे, गुराखी, कारागीर आणि लढायला जाणारे गडी होते. त्यांना कोठारातून धान्य मिळे ते वर्षातले साधारण चारच महिने. उरलेले दिवस स्वतःच्या तुकड्यावर काढायचे आणि बोलावणे आले की कालवा खणायला किंवा युद्धावर जायचे. ज्यांना तुकडा नव्हता त्यांना बाराही महिने शिधा मिळे. त्यात विणकर बायका, ओझेवाले आणि बागेत पाणी ओढणारे लोक येतात. या शेवटच्यांना पाट्यांत ‘न पाहणारे’ म्हटले आहे. ते खरोखर आंधळे होते, आंधळे केलेले युद्धकैदी होते की हा केवळ अकुशल मजुरांसाठीचा शब्द होता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

शिधा जवाचा असे आणि ‘सिला’ या मापाने मोजला जाई. एक सिला म्हणजे ढोबळमानाने एक लिटर. विणकर बाईला महिन्याला बहुधा १८ सिला मिळत, काहींना २४. तिच्या मुलाला १२. दोन मुले पदरी असलेली बाई घेतली तर १८ आणि दोनदा १२, असे महिन्याचे ४२ सिला, म्हणजे सुमारे २५ किलो जव घरात येतो. तिघांत रोजचा जेमतेम पाऊण किलोपेक्षा थोडा जास्त. भाकरी आणि पातळ बिअर एवढ्यावर भागते, उरत काही नाही. लोकर निराळी मिळे आणि सणाला आणखी काही हाती पडे. यादीत मुले आईच्या नावाखाली येतात, बापाचा उल्लेख नसतो. म्हणजे विणकामाच्या खोल्यांत विधवा, निराधार आणि पकडून आणलेल्या बायका होत्या असे मानायला जागा आहे. उरुकागिनाच्या काळात शिधा घेणाऱ्यांची संख्या हजारावर गेलेली दिसते.

कोठारातला जव केवळ शिध्याला जात नसे. आधी बियाणे काढून ठेवावे लागे, मग नांगराच्या बैलांचा आणि गाढवांचा चारा, मग बिअरसाठी, मग देवांच्या नैवेद्याला. सुमेरमध्ये धातूची खाण नाही. व्यापारी तांब्यासाठी दिलमुनला, म्हणजे आजच्या बहरीनकडे, जात तेव्हा त्यांच्या पाठीशी या मोठ्या घरांचा साठा असे. उंदीर, कीड, चोरी आणि मापातली खोट हे कोठाराचे नेहमीचे शत्रू. त्यामुळेच लेखनिक सिला-सिलाचा हिशेब लावत बसलेले दिसतात.

एनसी आणि देव

लगशचा राज्यकर्ता स्वतःला बहुधा ‘एनसी’ म्हणवी. निंगिर्सूच्या संदर्भात त्याचा अर्थ देवाचा कारभारी असा होई. ‘लुगाल’, म्हणजे राजा किंवा धनी, हा शब्द त्या नात्यात देवासाठी. उर-नांशे या आधीच्या राज्यकर्त्याचा एक दगडी फलक आज लूव्हरमध्ये आहे. त्यावर तो डोक्यावर विटांची टोपली घेऊन मंदिर बांधायला निघालेला दाखवला आहे. राजाने देवाच्या घरी मजुरी करावी ही प्रतिमा त्याने आपणहून कोरून घेतली, हे विसरू नये. शेजारच्या उम्मा या नगरराज्याशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेले भांडण गु-एदेना या सीमेवरच्या शेतजमिनीचे होते. लगशच्या लेखांत मात्र ते निंगिर्सूच्या शेताचे भांडण आहे. उम्माने जव व्याजाने घेतला आणि फेडला नाही ही तक्रारही त्यात येते, आणि तो जवही देवांचाच.

मंदिराचा प्रमुख व्यवस्थापक ‘सांगा’. हा माणूस धूपारती करत बसणारा नव्हे. निनमार देवीचा सांगा लू-एन्ना याने लिहिलेले एक पत्र सापडले आहे. पूर्वेकडच्या एलाम देशाचे ६०० लोक लूट घेऊन निघाले होते, त्यांच्याशी लढून आपण ५४० जणांना पकडले, असे तो कळवतो. पत्र ज्याला लिहिले तो निंगिर्सूचा सांगा एनेनतार्झी. हाच एनेनतार्झी पुढे एनसी झाला. मंदिराची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याला गादी फार दूर नव्हती.

उरुकागिनाचे फर्मान

निंगिर्सूने ३६,००० माणसांतून आपला हात धरला, असे उरुकागिना मातीच्या शंकूंवर लिहवून घेतो. मग तो आधीच्या राजवटीतल्या खोडी मोजतो. देवांचे बैल एनसीच्या कांद्याच्या वाफ्यांत जुंपले जात. देवांच्या उत्तम शेतांत एनसीचे कांदे आणि काकड्या पिकत. माणूस पुरायचा तर उत्तरक्रिया करणारा ७ घडे बिअर, ४२० भाकरी, वर जव, एक कपडा, एक बोकड आणि एक खाट घेऊन जाई. ते त्याने ३ घडे, ८० भाकरी, एक खाट आणि एक बोकड यांवर आणले. एनसीच्या घरात आणि शेतांत निंगिर्सूला धनी म्हणून बसवले, बाईसाहेबांच्या घरात आणि शेतांत बाऊला, आणि मुलांच्या घरात त्यांच्या मुलाला, शुलशागानाला.

एवढेच वाचले तर ही लुटीविरुद्धची सुधारणा वाटते, आणि तशी ती फार दिवस वाचलीही गेली. पण फर्मानाशेजारी हिशेबाच्या पाट्या ठेवल्या की चित्र पालटते. देवीला परत केलेल्या घरावर राणीच बसली आणि घराची माणसे कमी होण्याऐवजी वाढली. उरुकागिना लुगालांदाच्या घराण्यातला असल्याचे कुठेही दिसत नाही. वारसा नसलेल्या माणसाने जुन्या घराण्याची खासगी मालमत्ता काढून घ्यायची तर ती देवाच्या नावावर चढवणे ही सर्वांत सोपी वाट होती. तिला निव्वळ ढोंग म्हणणेही बरोबर नाही. पुरण्याचा दर खाली आला तो गरिबाच्या खरेच उपयोगी पडणारा होता.

मंदिर-राज्याचा वाद

जर्मन विद्वान आंटोन डायमेल यांनी याच पाट्यांवरून लगशची सगळी जमीन मंदिरांची होती असा सिद्धान्त मांडला. १९२०-३० च्या दशकांत तो इतका रुजला की सुमेर म्हणजे मंदिर-राज्य हे समीकरणच झाले. पुढे इगोर द्याकोनोव्ह आणि इग्नास गेल्ब या अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. एका घराच्या दप्तरावरून साऱ्या राज्याचा ताळेबंद मांडता येत नाही. बाऊच्या घराचे क्षेत्र राज्याच्या मानाने लहान होते. शिवाय जमीन विकत घेतल्याचे दगडावरचे लेख लगशमध्येच सापडले आहेत आणि विकत घेणाऱ्यांत राजघराण्यातला लुम्मातूरही आहे. जमीन विकली जात होती, म्हणजे विकणारे मालकही होते. खरी अडचण आणखी खोल आहे. ज्या घराला डायमेल मंदिर समजले ते उरुकागिना येईपर्यंत राणीचे घर म्हणून ओळखले जात होते.

शेवट

दप्तराच्या अखेरच्या वर्षांतल्या काही पाट्यांच्या शेवटी, जवाच्या हिशेबाखाली, उरुक या दुसऱ्या सुमेरी शहराच्या माणसाने गिर्सूला वेढा घातल्याची नोंद येते. मग पाट्या थांबतात. उम्माचा लुगालझागेसी, जो उरुकचाही राजा झाला होता, त्याने लगश लुटले. गिर्सूच्या कोणा लेखनिकाने त्या लुटीची यादी केली. कोणत्या मंदिराला आग लावली, कुठून चांदी आणि लाजवर्द नेले, आणि निंगिर्सूच्या ज्या शेतांत पीक उभे होते तिथला जव उपटून नेला, हेही. यादीच्या शेवटी तो लिहितो की यात उरुकागिनाचा काही दोष नाही. लुगालझागेसीच्या देवीने, निसाबाने, हे पाप त्याच्या मानेवर लादावे. निसाबा ही धान्याची आणि हिशेब लिहिण्याची देवी.