आईची शुगर ऑगस्टमध्ये कशी वाढली, अजून मे चालू असताना?

आई दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी शुगर तपासते आणि वहीत लिहून ठेवते. २०२४ च्या मे महिन्यात मी ते सगळे आकडे कॉम्प्युटरवर टाईप केले, साधी सीएसव्ही फाईल केली आणि न्यू जर्सीला दादाला पाठवली. तासाभरात त्याचा फोन, "अगं, जूनमध्ये १४८ होती ती ऑगस्टमध्ये १७६ कशी झाली? आणि ऑगस्ट आलाय कुठे अजून?" फाईल ही अशी होती:

```
01/04/2024,182
08/04/2024,176
15/04/2024,171
22/04/2024,165
29/04/2024,158
06/05/2024,148
13/05/2024,144
```

आपण वाचलं तर सरळ आहे, एक एप्रिलपासून तेरा मेपर्यंत शुगर हळूहळू खाली येतेय. पण दादाच्या लॅपटॉपचं रीजन सेटिंग अमेरिकेचं, आणि अमेरिकेत आधी महिना मग दिवस. त्यामुळे पहिली ओळ झाली ४ जानेवारी, दुसरी ४ ऑगस्ट, आणि सहावी, जी आपली ६ मे, ती ५ जून. बाकीच्या चार ओळींचं मात्र काहीच झालं नाही, कारण पंधरावा महिना कुठल्याच देशात नसतो.

खरी गोम इथेच आहे. सगळ्याच तारखा उलटल्या असत्या तर लगेच कळलं असतं, पण उलटतात फक्त त्या ज्यांचा दिवस १२ किंवा त्याच्या आत आहे. हिशोब करून बघा, बारा महिने गुणिले प्रत्येकी पहिले बारा दिवस म्हणजे १४४ तारखा, त्यातून १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा बारा काढा, त्या दोन्हीकडून सारख्याच वाचल्या जातात. उरल्या १३२. म्हणजे वर्षातले १३२ दिवस असे की आकड्यात लिहिले तर त्यांचे दोन अर्थ होतात, आणि दोन्ही अर्थ अगदी खरे वाटतात. कॉम्प्युटर एरर देत नाही कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.

आता आत काय होतं ते बघू. सीएसव्हीमध्ये तारीख नसतेच, असतात फक्त अक्षरं: शून्य, एक, तिरकी रेघ वगैरे. एक्सेलसारखी स्प्रेडशीट ती फाईल उघडताना ठरवते की ही तारीख दिसतेय, आणि तिचं एका नंबरात रूपांतर करते. १ जानेवारी १९०० ला १ धरून पुढे दिवस मोजत जायचे, असा तो नंबर. १ एप्रिल २०२४ चा नंबर ४५३८३. दादाकडे मात्र त्याच अक्षरांचा झाला ४५२९५, म्हणजे ४ जानेवारी, तब्बल ८८ दिवस आधीचा. पंधरा तारखेच्या ओळीचा नंबर होऊच शकला नाही म्हणून ती अक्षरंच राहिली. मग त्याने सॉर्ट केलं तर आधी नंबरवाल्या तीन ओळी आल्या (जानेवारी, जून, ऑगस्ट) आणि अक्षरवाल्या चार खाली जाऊन बसल्या, म्हणून त्याला शुगर १८२, १४८, १७६ अशी दिसली. आई बिचारी पथ्य पाळत होती आणि इकडे तिच्यावर आंबे खाल्ल्याचा संशय!

हे ओळखायला एक सोपी खूण आहे. स्प्रेडशीटमध्ये तुम्ही मुद्दाम काही बदललं नसेल तर नंबर उजवीकडे चिकटतात आणि अक्षरं डावीकडे. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे, आणि डावीकडच्या सगळ्यांचा पहिला आकडा १२ च्या वर असेल तर समजायचं की हाच घोळ आहे आणि उजवीकडच्या तारखा उलटलेल्या आहेत. लोक नेमकं उलटं समजतात, डावीकडच्या "बिघडल्यात" म्हणून त्याच हाताने दुरुस्त करत बसतात, आणि खऱ्या बिघडलेल्या तशाच राहतात.

दादाने पण तेच केलं. वर ती फाईल एक्सेलच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून मला परत पाठवली. आता फाईलमधून अक्षरं नाही, तो नंबरच आला, ४५२९५. माझा लॅपटॉप भारतीय सेटिंगचा, त्याने तो नंबर आपल्या पद्धतीने दाखवला, 04-01-2024. म्हणजे माझ्याकडे सगळं दिवस आधी, महिना नंतर असं व्यवस्थित दिसतंय, फक्त तारीख चुकीची. सेटिंग बदलून आता काही उपयोग नाही, सेटिंगने दिसणं बदलतं, आतला नंबर नाही.

सगळ्यात बरा उपाय म्हणजे मूळ फाईल परत घ्यायची, डबल क्लिक करून उघडायची नाही, तर Data मेनूतून From Text/CSV ने आत आणायची आणि तारखेच्या कॉलमसाठी दिवस आधी असलेला देश निवडायचा. मूळ फाईल हरवली असेल आणि घोळ अजून कोणी "दुरुस्त" केलेला नसेल तर हा फॉर्म्युला चालतो:

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

नंबर झालेल्या तारखेचा दिवस आणि महिना अदलाबदल करायचा, अक्षर राहिलेलीचे तुकडे काढून नीट जोडायची, एवढंच. पण एकदाच चालवायचा हं. बरोबर असलेल्या १५ एप्रिल २०२४ वर चालवला तर तो पंधरावा महिना मुकाट्याने स्वीकारतो, पुढच्या वर्षात मोजत जातो आणि ४ मार्च २०२५ काढून देतो.

गंमत म्हणजे अमेरिकेचं 9/11 आपण त्यांच्याच क्रमाने म्हणतो आणि मुंबईचं 26/11 आपल्या क्रमाने, आणि गोंधळ होत नाही कारण दोन्ही आपल्याला पाठ आहेत. आणि "भाद्रपद शुद्ध चतुर्थी" म्हणताना आपणही महिनाच आधी घेतो की, पण तिथे महिन्याला नाव आहे. प्रश्न क्रमाचा कमी आणि महिन्याचा आकडा करण्याचा जास्त. म्हणूनच ISO 8601 या आंतरराष्ट्रीय मानकात, जे १९८८ मध्ये आलं, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं ठरवलं: 2024-04-01. वर्ष पुढे आलं की वाचणारा वर्ष-दिवस-महिना असं सहसा गृहीत धरत नाही. शिवाय नुसती अक्षरं म्हणून सॉर्ट केलं तरी तारखा आपोआप क्रमाने लागतात, 01/04 वाल्या पद्धतीत ते होत नाही.

दादाची फाईल मात्र फॉर्म्युल्याने सुटणारी नव्हती, कारण त्याने हाताने काही बदललं होतं, काही नव्हतं. दोन्ही प्रकारच्या तारखा एकत्र झाल्या की नुसते आकडे बघून कुठली खरी ते कोणीच सांगू शकत नाही, बाहेरची माहिती लागते. ती आमच्याकडे होती. आई सोमवारीच तपासते. ४ जानेवारी २०२४ ला गुरुवार होता, ५ जूनला बुधवार, ४ ऑगस्टला रविवार. तिन्ही तारखा वार बघूनच बाद झाल्या, आणि उलटवल्यावर तिन्ही सोमवारी आल्या. मग वही काढून ताडून पाहिलं. आईने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "एप्रिल १, सोम., १८२".