घास घेतला, पण पोहे तेवढेच

सकाळच्या तर्री-पोह्यांचा एक प्रसंग मी चार ओळींत लिहून, मजकुरावरून व्हिडिओ बनवणाऱ्या एआय टूलला दिला. नागपुरातली रस्त्याकडेची गाडी, पोह्यांवर ओतली जाणारी चण्याची लालभडक तर्री, घास घेणारा गिऱ्हाईक. आठ सेकंदांची क्लिप आली. वाफ आणि तर्रीवरचा तेलाचा तवंग अगदी खरा वाटत होता. पण त्या माणसाने तीन घास घेतले तरी पोह्यांचा ढीग होता तेवढाच! गाडीवरच्या पाटीवर तर देवनागरीसारखं दिसणारं, कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी होतं.

खाणं हा या तंत्राचा जुना कच्चा दुवा. सप्टेंबर 2022 मध्ये मेटाने मेक-अ-व्हिडिओ हे असंच टूल दाखवलं. कुठली वस्तू कशी दिसते हे ते सोबत वर्णन असलेल्या फोटोंवरून शिकलं होतं आणि हालचाल वर्णन नसलेल्या व्हिडिओंवरून. पुढच्याच महिन्यात आलेल्या गूगलच्या इमेजन व्हिडिओची क्लिप 128 फ्रेमची होती, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर जेमतेम सव्वापाच सेकंद. 2023 च्या वसंतात हॉलिवूडचा नट विल स्मिथ स्पॅगेटी खातोय अशी क्लिप जगभर फिरली. तीत तोंड कुठे संपतं आणि शेवया कुठे सुरू होतात तेच कळेना.

फेब्रुवारी 2024 मध्ये ओपनएआयने सोरा दाखवलं, तेव्हा चेहरे सावरले होते आणि क्लिप मिनिटभरापर्यंत गेली होती. तरी कंपनीने स्वतःच कबूल केलं होतं की माणूस बिस्किटाचा तुकडा तोडेल, पण बिस्किटावर चावल्याची खूण राहीलच असं नाही.

कारण अशा टूलमागचं मॉडेल पोहे मोजत नाही. ते रँडम ठिपक्यांच्या गोंधळातून सुरुवात करतं आणि क्लिपच्या सगळ्या फ्रेम एकत्रच टप्प्याटप्प्याने साफ करत नेतं. 'तोंडाकडे जाणारा चमचा' त्याने हजारदा पाहिलेला असतो, म्हणून तो झकास जमतो. पण चमचाभर पोहे गेले म्हणजे प्लेटमध्ये तेवढे कमी झाले, हा हिशेब कुठे लिहून ठेवलेलाच नसतो. लांबीचं दुखणंही इथलंच. प्रत्येक फ्रेमचा तुकडा बाकीच्या तुकड्यांशी ताडून पाहायचा असतो. क्लिप दुप्पट केली की ही ताडणी साधारण चौपट होते. मे 2025 मध्ये आलेल्या गूगलच्या व्हिओ 3 ने आवाजही दिला, पण क्लिप आठच सेकंदांची.

मी मग प्रसंग तोडला. पहिल्या शॉटमध्ये फक्त तर्री ओतली जाते, कॅमेरा हलत नाही. दुसऱ्यात फक्त चेहरा, चमचा तोंडात जातो, प्लेट फ्रेमच्या बाहेर. तिसऱ्यात रिकामी प्लेट आणि कडेला राहिलेले दोन-चार चणे. यासाठी मी स्वतः गाडीवर काढलेला फोटोच पहिली फ्रेम म्हणून दिला. पाटी एडिटिंगमध्ये वरून चिकटवली. तिन्ही शॉट जोडल्यावर सगळं मिळून अकरा सेकंद झालं. शेजारच्या काकूंना दाखवलं, तर त्यांना फक्त एवढंच खटकलं की पोह्यांवर कांदा नाही. तो मी लिहिलाच नव्हता.