इजारा (इस्लामी विधिशास्त्र)

इजारा म्हणजे वस्तूच्या उपभोगाची किंवा माणसाच्या श्रमाची ठरलेल्या मोबदल्यात केलेली विक्री. मराठीत महसुलाच्या मक्त्याला इजारा म्हणतात. शब्द एकच असला तरी विधिशास्त्रातला अर्थ त्याहून व्यापक असून घरभाडे, जनावराचे भाडे आणि मजुरी हे सर्व त्यात येते.

सुन्नी इस्लामच्या चार विधिपंथांपैकी एक असलेल्या हनफी पंथाच्या विधिज्ञांपुढे मुख्य अडचण अशी होती की, करार होतो त्या क्षणी उपभोग अस्तित्वातच नसतो, आणि जे नाही ते विकता येत नाही. काटेकोर अनुमानाने इजारा बेकायदा ठरला असता. पण कुराणातील दाखले, हदीस आणि लोकांची गरज यांच्या आधारे तो अपवाद म्हणून मान्य झाला. त्याच्या अटी इतक्या कडक का, याचे उत्तर या कसरतीत आहे. उपभोग आणि मोबदला दोन्ही आधीच इतके स्पष्ट असावे लागत की पुढे भांडणाला जागा उरू नये.

बुऱ्हानुद्दीन मर्गीनानी (मृत्यू ११९७) यांच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात घराचे उदाहरण आहे. घर भाड्याने देताना त्याचा वापर सांगावा लागत नाही, कारण घर राहण्यासाठी हे रूढीनेच ठरलेले आहे. मात्र भाडेकरूने तिथे लोहार, परीट किंवा दळणारा बसवायचा नाही, कारण त्यांच्या कामाने बांधकाम खिळखिळे होते. शेतजमिनीचे तसे नाही. पिकागणिक जमिनीची झीज वेगळी होत असल्याने काय पेरणार ते सांगावे लागते, नाहीतर 'वाटेल ते पेर' अशी मुभा तरी द्यावी लागते. 'दरमहा एक दिरहम' एवढेच म्हटले आणि एकूण महिने सांगितले नाहीत, तर करार फक्त पहिल्या महिन्यापुरता बंधनकारक असतो. दुसऱ्या महिन्याच्या आरंभी भाडेकरू तिथेच राहिला तर त्या महिन्यापुरता तो पुन्हा लागू होतो आणि मालकाला महिना संपेपर्यंत त्याला बाहेर काढता येत नाही.

श्रमाच्या करारात पेच मोबदल्याचा होता. आज शिवलेस तर एक दिरहम, उद्या शिवलेस तर अर्धा, असे शिंप्याला सांगितले, तर हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांच्या मते पहिली अट वैध आणि दुसरी अवैध. त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद यांना दोन्ही मान्य, तर तिसरे शिष्य जुफर यांना एकही नाही. दळणाऱ्याला त्यानेच दळलेल्या पिठाचा वाटा मजुरी म्हणून देणेही निषिद्ध होते, कारण मजुरीची वस्तू त्याच्याच श्रमातून निर्माण व्हायची असते. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख शहराच्या काही विधिज्ञांनी मात्र स्थानिक रूढी पाहून विणकराला विणलेल्या कापडाचा वाटा देण्याची मुभा दिली.

अट चुकल्याने करार सदोष ठरला तरी केलेले काम फुकट जात नसे. अशा वेळी त्या कामाची प्रचलित मजुरी द्यावी लागे, पण हनफी मतानुसार सहसा ती आधी ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त नसे. तेवढ्या रकमेला मजुराने स्वतःच होकार दिलेला असतो, असा त्यामागचा तर्क होता.