कस्टम्स क्लिअरिंगमध्ये यायचे आहे? आधी कार्डांचा जिना समजून घ्या

आमच्याकडे माल सोडवायला येणारे बरेच ग्राहक जाता जाता विचारतात, "आमच्या मुलाला या लाइनमध्ये घालायचं आहे, कोणता कोर्स करावा?" कोर्सपेक्षा कार्ड महत्त्वाचे, म्हणून हे पत्रक.

ग्राहकाच्या वतीने कस्टम्समधून माल सोडवणारा, बोलीत आजही सीएचए म्हणतात तो कस्टम्स ब्रोकर 2018 च्या परवाना नियमावलीनुसार काम करतो. बारावी झालेला मुलगा एखाद्या ब्रोकरकडे एच कार्डवर लागू शकतो. त्याने कागद फिरवायचे, तपासणीच्या वेळी मदत करायची. पण आयातीच्या बिल ऑफ एंट्रीवर किंवा निर्यातीच्या शिपिंग बिलावर सही करायची नाही. सहीचा अधिकार कस्टम्सची परीक्षा पास होऊन जी कार्ड मिळाल्यावरच येतो. हे कार्ड पेढीमार्फत मिळते आणि नोकरी सोडली की परत करावे लागते.

स्वतःचा परवाना हवा असेल तर पदवी लागते. नुसता बी.कॉम. असेल तर जी कार्डवर किमान दोन वर्षांचे काम दाखवावे लागते. सीए, एमबीए, एलएलबी असे काही असल्यास किंवा सरकारमान्य संस्थेचा कस्टम्स क्लिअरन्सचा डिप्लोमा असल्यास ही अट त्याशिवायही पूर्ण होते. मग लेखी परीक्षा आणि त्यानंतर तोंडी.

लेखीत मुले अडकतात ती उणे गुणांमुळे. प्रश्न 150, बरोबर उत्तराला 3 गुण, चुकीला 1 वजा, पास व्हायला 270. एकाने सगळे 150 सोडवले, 100 बरोबर आले: 300 वजा 50, म्हणजे 250, नापास. दुसऱ्याने 110 च सोडवले, 95 बरोबर: 285 वजा 15, म्हणजे बरोबर 270, पास. पाच उत्तरे कमी येऊनही! तेव्हा अंदाजपंचे गोळ्या झाडू नका.

"तीन महिन्यांत लायसन्स" अशी जाहिरात दिसली तर फी भरू नका; परवाना क्लासवाला देत नाही, कस्टम्स देते. "माझं लायसन्स वापर, टक्केवारी दे" हाही सापळाच. परवाना विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, आणि प्रकरण उघडकीस आले तर तो रद्द होऊ शकतो.

फ्रेट फॉरवर्डिंगचे मात्र वेगळे. जहाजात जागा धरणे, कंटेनर मिळवणे, भाडे ठरवणे यासाठी अशी परवाना परीक्षा नाही. फियाटा या फॉरवर्डरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा डिप्लोमा किंवा आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचा कार्गो कोर्स नोकरीला उपयोगी पडतो, सक्तीचा नाही. पण ट्रक आणि जहाज अशा दोन साधनांनी माल परदेशी पोचवायची जबाबदारी एकाच करारात स्वतःच्या नावावर घ्यायची असेल, तर 1993 च्या बहुविध वाहतूक कायद्याखाली नौवहन महासंचालनालयाकडे नोंदणी करावी लागते.

मुलाला घेऊन या तेव्हा गुणपत्रिका आणा. शनिवारी दुपारनंतर गर्दी कमी असते.